स्टीमच्या हार्डवेअर सर्वेवरून आपला पीसी नेमका कुठे बसतो ते कसं काढायचं

गेमिंगच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "माझा लॅपटॉप अजून चालेल का, की आता जुना झाला?" आणि उत्तर द्यायला पुढे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे आरटीएक्स ४०७० सारखं भारी ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या वरचं काहीतरी असतं, त्यामुळे विचारणाऱ्याला वाटायला लागतं की आपण सोडून सगळी दुनिया पुढे निघून गेली. पण लोकांकडे खरंच काय आहे हे बघायला अंदाज लावायची गरज नाही, त्याचे आकडे दर महिन्याला फुकट आणि सगळ्यांसाठी खुले असतात. फक्त ते वाचायची एक पद्धत आहे, आणि ती माहीत नसेल तर त्याच आकड्यांवरून माणूस अगदी उलटा निष्कर्ष काढू शकतो. म्हणून नव्याने गेमिंगमध्ये आलेल्यांसाठी हे सगळं सुरुवातीपासून लिहितोय.

आकडे येतात स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मासिक सर्वेतून, त्याचं पान store.steampowered.com/hwsurvey इथे आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. दर महिन्याला काही युजर्सना स्टीममध्ये एक विंडो येते, सर्वेत भाग घेणार का म्हणून, हो म्हटलं तर तुमच्या मशीनची माहिती निनावी जाते, नाही म्हटलं तर काहीच जात नाही. आपल्याला ती विंडो कधी येईल हे आपल्या हातात नसतं. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत निकाल त्याच पानावर येतो आणि जुना निघून जातो.

आधी स्वतःचं मशीन नीट ओळखा

तुलना करायची तर आपला आकडा बरोबर पाहिजे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, विशेषतः व्हीरॅमच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या स्वतःच्या मेमरीच्या बाबतीत. स्टीम उघडा, वरच्या मेन्यूत Help मध्ये जाऊन System Information उघडा. त्यात प्रोसेसरचं नाव, किती फिजिकल कोअर, किती लॉजिकल, ग्राफिक्स कार्डचं नाव, व्हीरॅम, रॅम, स्क्रीनचं रिझोल्यूशन असं सगळं एकाच यादीत मिळतं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, म्हणजे प्रोसेसरमधलं एक आणि वेगळं कार्ड एक, तर Video Card च्या खाली कुठलं नाव दिसतंय ते बघून ठेवा. आपल्याला वेगळ्या कार्डाचं नाव हवंय.

मग एकदा टास्क मॅनेजरमधूनही खात्री करा. Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये GPU वर क्लिक करा. इथे खाली तीन आकडे दिसतात आणि त्यातला फक्त Dedicated GPU memory हा आपल्या कामाचा. Shared GPU memory म्हणजे गरज पडली तर साध्या रॅममधून उसनी घ्यायची जागा, आणि नुसतं GPU Memory लिहिलेला आकडा म्हणजे या दोघांची बेरीज. त्यामुळे ४ जीबीचं कार्ड आणि ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर तिथे जवळपास ८ जीबी दिसतं आणि माणूस खुश होतो की आपल्याकडे ८ जीबीचं ग्राफिक्स आहे. सेकंडहँड विकणारेही कित्येकदा हाच आकडा जाहिरातीत टाकतात. सर्वे मोजतो तो कार्डावरचा स्वतःचा व्हीरॅम.

कोणी तुम्हाला खालची कमांड दिली असेल तर तिचा मेमरीचा आकडा धरू नका:

```
Get-CimInstance Win32_VideoController | Select Name, AdapterRAM
```

नाव बरोबर येतं, पण AdapterRAM हा आकडा ३२ बिटचा आहे, तो ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून १२ जीबीचं कार्डही तिथे ४ च्याच आसपास दिसतं.

टास्क मॅनेजरमध्येच CPU वर गेलात की Cores आणि Logical processors असे दोन आकडे असतात. सर्वेतल्या Physical CPUs या विभागाशी जुळवायचा तो Cores चा आकडा. आणि Memory वर गेलात की Slots used लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 1 of 2, तेही कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

पानावरचे दोन कॉलम

पान उघडलं की प्रत्येक विभागात सगळ्यात जास्त लोकांकडे असलेली एकच गोष्ट दिसते, त्या ओळीवर क्लिक केलं की पूर्ण यादी उघडते. पुढे टक्के असतात आणि त्याच्या पुढे बदल. हा बदल टक्के-बिंदूंमध्ये असतो हे नीट लक्षात घ्या. एखादं कार्ड मागच्या महिन्यात २.०० टक्के लोकांकडे होतं आणि आता २.२० टक्के, तर तिथे +0.20% दिसेल, पण त्या कार्डाच्या दृष्टीने वाढ १० टक्क्यांची आहे. आणि ४० टक्क्यांच्या ओळीत +0.20% म्हणजे जवळपास काहीच नाही. आकडे किती इकडेतिकडे असू शकतात हे व्हॉल्व्ह कुठेही सांगत नाही, किती मशीन मोजली तेही सांगत नाही, म्हणून अशा बारीक बदलांवरून "अमुक कंपनी पडली" वगैरे ठरवू नये, दोन-चार महिने तीच दिशा राहिली तरच त्यात काहीतरी आहे असं मी धरतो.

ग्राफिक्स कार्डांसाठी store.steampowered.com/hwsurvey/videocard/ असं वेगळं पान आहे, तिथे एकाच वेळी पाच महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात, दिशा बघायला ते जास्त बरं.

हा महिना भरवशाचा आहे का, ते भाषेवरून कळतं

हा टप्पा जवळजवळ सगळे सोडून देतात. हार्डवेअरचे आकडे बघायच्या आधी Language हा विभाग उघडा आणि Simplified Chinese पुढचा बदल बघा. कारण सांगतो.

२०१७ च्या ऑगस्टपासून सर्वेत विचित्र गोष्टी दिसायला लागल्या. विंडोज १० वाढत असताना अचानक विंडोज ७ वाढायला लागलं, चार कोअरचे प्रोसेसर वाढले, एएमडी आणि इंटेलचा वाटा हलला, ग्राफिक्स कार्डांचाही हलला, आणि चिनी भाषा वापरणाऱ्यांचा वाटा इतका फुगला की वर्षाच्या शेवटी तो निम्म्याच्याही वर गेला. लोकांनी त्यावरून काय काय अर्थ काढले. खरं कारण व्हॉल्व्हनेच नंतर सांगितलं: एक मशीन वर्षातून एकदाच मोजलं जावं याची नोंद त्या मशीनवरच ठेवली जायची, पण आशियातले बरेच सायबर कॅफे आपले पीसी ज्या पद्धतीने सांभाळतात त्यात ही नोंद टिकत नव्हती, त्यामुळे तिथे येणारी गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा मोजली जात होती. म्हणजे सात महिने जगभरातल्या गेमर्सचं म्हणून जे चित्र लोक बघत होते त्यात कॅफेमधले पीसी प्रमाणाबाहेर शिरलेले होते. एप्रिल २०१८ च्या निकालापासून हे दुरुस्त झालं आणि आकडे एका झटक्यात परत फिरले.

त्यानंतरही अधूनमधून एखादा महिना तसाच उडतो. मार्च २०२३ मध्ये उडाला होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा, त्या महिन्यात चिनी भाषेचा वाटा एकदम वीसेक बिंदूंनी वाढून साधारण ५० टक्क्यांवर गेला आणि त्याबरोबर विंडोज ११ चक्क खाली आलं, १० वर गेलं. पुढच्याच महिन्यात सगळं जवळपास पूर्वीच्या जागी. आता एका महिन्यात इतक्या लोकांनी विंडोज बदलून परत बदललं असं काही होत नाही, मोजले गेलेले लोक वेगळे होते एवढंच.

म्हणून माझा नियम असा की भाषेच्या विभागात कुठल्याही एका ओळीचा बदल दोन-तीन बिंदूंच्या वर गेला असेल तर तो महिना सोडायचा आणि मागचा किंवा पुढचा घ्यायचा. व्हॉल्व्ह जुने महिने ठेवत नाही, पण web.archive.org वर तोच पत्ता टाकला की जुन्या तारखांची पानं मिळतात.

आता हिशेब, एका खऱ्याखुऱ्या लॅपटॉपवर

माझा मावसभाऊ सांगलीला इंजिनिअरिंग करतोय, त्याच्याकडे जो लॅपटॉप आहे तसे आपल्याकडे हजारो विकले गेलेत: रायझन ५ ५६००एच प्रोसेसर म्हणजे ६ कोअर, जीटीएक्स १६५० चं ४ जीबी कार्ड, ८ जीबी रॅम आणि फुल एचडी म्हणजे १९२० x १०८० ची स्क्रीन. याचीच जागा काढू.

पद्धत साधी आहे. विभागातल्या यादीचे तीन ढीग करायचे: आपल्यापेक्षा कमी असलेले, आपल्याइतके असलेले, आपल्यापेक्षा जास्त असलेले. मग कमी असलेल्यांचे टक्के अधिक आपल्याइतक्यांचे निम्मे, ही आपली जागा, म्हणजे शंभर जणांच्या रांगेत खालून साधारण कितवे. निम्मे का, तर आपल्याइतके असलेल्यांमध्ये आपण पुढे की मागे हे ठरवायला काहीच नाही, म्हणून मधोमध उभं राहायचं.

खालचे आकडे २०२५ च्या निकालांच्या आसपासचे पण मी गोल करून घेतलेत, पद्धत दिसावी म्हणून. तुम्ही करताना त्या दिवशी पानावर असतील तेच घ्या.

रॅमपासून सुरू करू. ८ जीबीपेक्षा कमी असलेले सगळे मिळून धरा ५, बरोबर ८ असलेले १०, म्हणजे वर उरले ८५. जागा झाली ५ अधिक ५, दहावी. शंभरात खालून दहावा, म्हणजे रॅमच्या बाबतीत भाऊ खरंच मागे आहे. आता त्याने १६ केली तर? १६ च्या खाली साधारण १८, बरोबर १६ वाले ४२, वर ४०. जागा १८ अधिक २१, म्हणजे एकोणचाळिसावी. एका बदलात दहावरून एकोणचाळीस. एवढी मोठी उडी मिळते, कारण गर्दीच १६ वर जमलीये.

व्हीरॅमला ४ च्या खाली १७ धरा, ४ वर १०, आणि त्याच्या वर ७३. जागा बाविसावी. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. खालच्या त्या १७ मध्ये ५१२ एमबी, १ जीबी वगैरे ओळी दिसतात, ती सगळी जुनी कार्डं नाहीत, बरीचशी वेगळं कार्ड नसलेली मशीन्स आहेत जी साधी रॅमच वाटून वापरतात आणि स्वतःची म्हणून फार थोडी दाखवतात. म्हणजे वेगळं गेमिंग कार्ड असलेल्यांमध्येच तुलना करायची तर खालचा ढीग आणखी बारीक होतो आणि भावाची जागा बाविसाव्याच्याही खाली सरकते. तुम्हाला कोणाशी तुलना करायचीये त्यावर उत्तर बदलतं, दोन्ही काढून ठेवलेली बरी.

कोअरच्या विभागात ६ च्या खाली २१, ६ वर ३०, वर ४९. जागा छत्तिसावी, अगदी मधल्या गर्दीत. आणि इथे तर आकडा भावावर जरा अन्यायच करतो, कारण इंटेलच्या १२ व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि दोन्ही मिळून एकच संख्या मोजली जाते. कोअर आय५ १२४५०एच हा ८ कोअरवाला म्हणून वरच्या ढिगात जातो पण त्यात मोठे कोअर ४ च आहेत, उरलेले ४ छोटे. त्यामुळे ६ सरसकट मोठे कोअर असलेला ५६००एच त्याच्यापेक्षा एवढा खाली दिसायचं काही कारण नाही.

स्क्रीनचं काम दोन ओळींचं. १९२० x १०८० अजूनही निम्म्याहून जास्त लोकांची मुख्य स्क्रीन आहे, २५६० x १४४० वाले साधारण पाचातला एक, आणि ४के वाले शंभरात चार-पाच. भाऊ सगळ्यात मोठ्या गर्दीत आहे, आणि हे त्याच्यासाठी चांगलं आहे कारण फुल एचडीला साधारण २१ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, ४के ला ८३ लाख. खालच्या कार्डावर कमी काम पडतंय.

आता हे चार आकडे मिळाले, १०, २२, ३६ आणि स्क्रीन मध्यावर, तर त्यांची सरासरी काढू नका. गेम सरासरीवर चालत नाही, जिथे पहिलं अडतं तिथे तो अडतो. आणि दुसरी गोष्ट, प्रत्येक विभागातली पहिली ओळ उचलून "हा बघा टिपिकल गेमिंग पीसी" असं जे चित्र सगळीकडे फिरत असतं ते मनावर घेऊ नका. समजा १६ जीबी रॅम ४२ टक्क्यांकडे, ६ कोअर ३० टक्क्यांकडे, फुल एचडी ५४ टक्क्यांकडे. या गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नसता तर तिन्ही एकत्र असलेले निघाले असते ०.४२ गुणिले ०.३० गुणिले ०.५४, म्हणजे सातच टक्क्यांच्या जवळ. प्रत्यक्षात संबंध असतो म्हणून खरा आकडा यापेक्षा वेगळा असणार, पण तो व्हॉल्व्ह देतच नाही, ४ जीबी कार्डवाल्यांपैकी किती जण फुल एचडीवर आहेत हे त्या पानावरून काढता येत नाही. तेव्हा तो "टिपिकल पीसी" बहुतेकांकडे नसतोच.

ग्राफिक्स कार्डची यादी: इथे थोडी मेहनत आहे

रॅम आणि कोअरमध्ये जास्त म्हणजे वर हे सरळ आहे, कार्डांच्या यादीत तसं नाही. ती यादी ताकदीच्या क्रमाने नसते, त्यामुळे "माझं कार्ड चौथ्या नंबरवर आहे" याचा अर्थ ते भारी आहे असा नाही, खूप लोकांकडे आहे एवढाच. जीटीएक्स १०६० कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर होतं, त्या काळात त्याच्यापेक्षा दुप्पट वेगाची कार्डं बाजारात येऊनही.

क्रम आपल्यालाच लावावा लागतो. एक्सेल किंवा गूगल शीट उघडा, पहिल्या कॉलममध्ये कार्डाचं नाव, दुसऱ्यात ताज्या महिन्याचे टक्के. कॉपी-पेस्ट केल्यावर कधी कधी सगळं एकाखाली एक पडतं, तसं झालं तर वरची तीस-चाळीस कार्डं हाताने टाइप करा, अर्धा तास जातो पण बराच मोठा हिस्सा त्यात येतो. मग टेकपॉवरअप या साइटवर जाऊन आपल्या कार्डाचं पान उघडा, तिथे Relative Performance म्हणून पट्ट्या असतात, कुठलं कार्ड आपल्यापेक्षा किती वर किती खाली ते दिसतं. ते बघत तिसऱ्या कॉलममध्ये प्रत्येकापुढे वर, खाली किंवा संशय यातलं एक लिहा. मग:

```
=SUMIF(C:C,"वर",B:B)
=SUMIF(C:C,"खाली",B:B)
```

यादीच्या शेवटी Other म्हणून एक ओळ असते, ज्यांचा वाटा फार छोटा आहे अशी सगळी कार्डं त्यात. ती ओळ आणि तुम्ही टाइप न केलेली कार्डं सरळ संशयात टाका. समजा बेरीज आली वर ५८, खाली १५, स्वतःची ओळ ३, संशय २४. तर उत्तर एक आकडा नाही, पट्टा आहे: संशयातले सगळे वर असतील तर तुमच्या खाली १५, सगळे खाली असतील तर ३९. "आपल्या खाली पंधरा ते एकोणचाळीसच्या मध्ये कितीतरी" हे उत्तर ढोबळ वाटतं पण तेच खरं आहे, आणि संशयातली मोठी नावं सोडवली की पट्टा आपोआप आवळतो.

संशयात कुठली नावं जातात? AMD Radeon Graphics ही ओळ बघा, हे एका चिपचं नाव नाही, एएमडीच्या बऱ्याच वेगवेगळ्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच नावाने नोंदवलं जातं, त्यात अगदी साधी चिपही आली आणि बरीच ताकदवानही. जीटीएक्स १६५० च्या स्वतःच्या ओळीतही डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही एकत्र आहेत. आरटीएक्स ३० च्या पिढीपासून लॅपटॉपचं नाव Laptop GPU असं वेगळं लिहायला लागले, ते एक बरं झालं, कारण डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० मुळात १२ जीबीचं आणि लॅपटॉपचं ६ जीबीचं, दोन्ही एकाच ओळीत असती तर काही कळलंच नसतं. तरी ३०६० ची १२ जीबी आणि नंतर आलेली ८ जीबी आवृत्ती यात फरक करायला नावावरून जमत नाहीच.

आणि लॅपटॉपवाल्यांनी हे तर बघाच. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्डाला एनव्हिडिया ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही वीज द्यायची मुभा देते, कंपनी आपल्या पातळ किंवा जाड बॉडीप्रमाणे ठरवते. सर्वेत दोघांचं नाव एकच, प्रत्यक्षात गेममध्ये फरक सहज जाणवेल एवढा. आपलं किती आहे ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये System Information उघडून Maximum Graphics Power पुढे बघा. आकडा बराच खालचा असेल तर यादीत स्वतःला एक पायरी खाली धरा.

जागा कळली, पुढे काय

सर्वे सांगतो कोणाकडे काय आहे, ते किती वेगाने चालतं हे सांगत नाही. वेग बघायचा तर स्टीमवरच थ्रीडीमार्कचा फुकटचा डेमो आहे, त्यात टेस्ट चालवली की आपल्यासारखंच हार्डवेअर असलेल्यांचे निकाल शेजारी दिसतात. तुमचा स्कोअर त्यांच्यापेक्षा खूप कमी आला तर प्रश्न कार्ड जुनं असण्याचा नाही, गरम होण्याचा, ड्रायव्हरचा किंवा बॅटरीवर चालवल्याचा असू शकतो.

दुसरं, कधी कधी जागेपेक्षा एखादी सुविधा असणं-नसणं महत्त्वाचं ठरतं. २०२५ मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेसला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं ८ जीबीचं कार्ड कमीत कमी म्हणून लागतं. जीटीएक्स १६५० मध्ये ते हार्डवेअरच नाही, मग सेटिंग कितीही खाली आणा, तुम्ही बाविसावे असा की पस्तिसावे, तो गेम तुमच्यासाठी नाही. म्हणून खरेदी करायच्या आधी गेमच्या पानावरची कमीत कमी गरज वाचायचीच, सर्वे त्याची जागा घेत नाही. पण एखादी गोष्ट किती जणांकडे उरलीये यावर तिचा सपोर्ट किती दिवस टिकेल याचा अंदाज मात्र येतो. व्हॉल्व्हने २०२६ च्या सुरुवातीपासून ३२ बिट विंडोजवरचा स्टीमचा सपोर्ट बंद करताना याच सर्वेचा दाखला दिला होता, ३२ बिट विंडोज १० फक्त ०.०१ टक्का मशीनवर उरलं होतं. ४ जीबी व्हीरॅम अजून त्या अवस्थेच्या जवळपासही नाही, पण वाटा दर वर्षी खाली येतोय.

तिसरं, हा सगळ्या स्टीमचा गोळा आहे. देशाप्रमाणे आकडे पानावर मिळत नाहीत, आणि आपल्यातले बहुतेक जण स्टीम इंग्लिशमध्येच वापरतात त्यामुळे भाषेच्या विभागातूनही आपण वेगळे ओळखू येत नाही. जे फक्त व्हॅलोरंट खेळतात ते स्टीमवर नाहीतच. काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ खेळणाऱ्याला सर्वेतली जागा बघून घाबरायचं कारण नाही, कारण ते गेम मधल्या आणि खालच्या मशीनवरही नीट चालतील असेच ठेवलेले आहेत. नवे मोठे सिंगल प्लेअर गेम खेळायचे असतील तर मात्र ५० च्या खाली असण्याला अर्थ आहे.

मग भावाचं काय ठरलं? कार्ड लॅपटॉपमध्ये सोल्डर केलेलं असतं, ते बदलता येत नाही, म्हणजे २२ हा आकडा लॅपटॉप असेपर्यंत तसाच राहणार आणि हळूहळू खाली जाणार. प्रोसेसर मधल्या गर्दीत आहे, त्याला हात लावायची गरज नाही. स्क्रीन आहे ती ठेवायची, २५६० x १४४० चा मॉनिटर घ्यायचा त्याचा विचार मी सोडायला लावला, त्या कार्डावर तो बोजा आहे. उरली रॅम. त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये Slots used 1 of 2 दिसत होतं, म्हणजे ८ ची एकच पट्टी आणि एक जागा मोकळी. तिथे तशीच दुसरी ८ ची डीडीआर४ ३२०० लॅपटॉपवाली पट्टी लावली की १६ होतात, शिवाय दोन पट्ट्या एकत्र चालल्याने मेमरीचा वेगही वाढतो, जो सर्वेत कुठेच दिसत नाही पण ५६००एच सारख्या प्रोसेसरला गेममध्ये जाणवतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळे नवीन घेण्याआधी लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी मिळते का विचारून बघा, फक्त घ्यायच्या आधी दुकानातच लावून टास्क मॅनेजरमध्ये 2 of 2 आणि १६ जीबी दिसतंय ना, आणि Speed पुढे ३२०० च आहे ना, ते तपासून मगच पैसे द्या. तिथे २६६६ दिसलं तर ती पट्टी हळू आहे आणि दोन्ही पट्ट्या तिच्याच वेगाने चालणार.